नाडी 112 होती, पण शेरा वजनावर मारला

मी सांगलीत जनरल प्रॅक्टिस करते आणि आठवड्यातले दोन दिवस कुपवाड एमआयडीसीतल्या काही युनिटसाठी नोकरीआधीची मेडिकल तपासणी पण करते, म्हणजे पेशंट बघणारी आणि फॉर्मवर फिट-अनफिट लिहिणारी दोन्ही मीच, आणि म्हणूनच हे प्रकरण मला नीट लिहून काढायचं होतं. पेशंटनं परवानगी दिलीय. नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

त्यांना सुनंदाताई म्हणू. वय 37, राहायला मिरजेत, दोन मुलं, मिस्टर मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी. ताईंनी स्वतः एका पतसंस्थेत नऊ वर्षं काम केलेलं, टॅली, जीएसटी, ई-वे बिल सगळं हाताखालचं. पतसंस्था गुंडाळली तशी घरी बसल्या, आणि गेल्या वर्षी पार्ट्स बनवणाऱ्या एका खासगी युनिटमध्ये अकाउंट्स असिस्टंटची जागा निघाली म्हणून अर्ज केला. मुलाखतीत त्यांना टॅलीवर बसवलं आणि त्यांनी दहा मिनिटात त्यांच्याच लेजरमधली दोनदा पडलेली एंट्री काढून दाखवली. मॅनेजर खूश. मेडिकल झालं की या म्हणाले.

मेडिकल झालं (ते मी केलेलं नव्हतं, त्या युनिटचे डॉक्टर वेगळे आहेत) आणि तिसऱ्या दिवशी एचआरचा फोन. "ताई, तुमचं मेडिकल जमलं नाही बघा. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, आधी वजनाकडं बघा, आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, उद्या जिन्यात काय झालं तर जबाबदारी कुणाची?"

त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या, आणि तब्येत दाखवायला नाहीच, एकच विचारायला आल्या होत्या, "मॅडम, तुम्ही मला फिट आहे म्हणून लिहून द्याल का? दुसरीकडं लावायला होईल." फॉर्मचा फोटो मोबाईलमध्ये होता तो दाखवला. मी तो वाचला. उंची 155 सेंमी, वजन 88 किलो, बीएमआय 36.6, बीपी 150/96, नाडी 112, रँडम शुगर 118, छातीचा एक्सरे नॉर्मल, लघवी नॉर्मल, नजर ठीक, आणि खाली शेरा, "लठ्ठपणा. अनफिट."

माझी नजर नाडीवर अडकली. बसलेल्या माणसाची नाडी 60 ते 100 च्या आत असते. जिना चढून आल्या आल्या मोजली असेल तर थोडी वाढलेली दिसेल हे मान्य, पण मी त्यांना दहा मिनिटं बसवून मोजली तरी 108. वजन जास्त असणाऱ्यांची नाडी सरासरीनं थोडी वर असू शकते, पण बसल्या जागी 108 आली की त्याचं कारण शोधायचं असतं, ताप, थायरॉईड, रक्त कमी, हृदय, टेन्शन, काहीतरी असणार. फॉर्मवर तो आकडा लिहिणाऱ्यानं लिहिला, सही करणाऱ्यानं सही केली, आणि दोघांच्या मध्ये कुणीच तो वाचला नाही, कारण वरच्याच ओळीत 88 लिहिलेलं होतं आणि उत्तर मिळाल्यासारखं झालं होतं.

मी त्यांची खालची पापणी बोटानं ओढून बघितली. आतली बाजू लालसर गुलाबी हवी, ती जवळजवळ पांढरी होती, कागदासारखी. नखं बघितली, अंगठ्याचं नख मधे खोलगट झालेलं, पाण्याचा थेंब ठेवला तर थांबेल असं. या दोन्ही गोष्टींना मिळून अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही आणि एक रुपया लागत नाही.

मग विचारायला बसले. दम लागतो का? "लागतो की, पण ते वजनामुळं." थकवा? "दुपारी भांडी घासताना मधेच खाली बसायला लागतं." छातीत धडधड? "रात्री उशीवर कान ठेवला की ऐकू येतंय." पाळी? इथं त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग सांगितलं की सात-आठ दिवस जातं, पहिले तीन दिवस दोन-दोन पॅड एकावर एक लावायला लागतात, रात्री दोनदा उठून बदलायला लागतं, गाठी पडतात, आणि हे दोन-अडीच वर्षं चाललंय. कुणाला सांगितलं नाही का? "बायकांना असतंच म्हणून सासूबाई म्हणल्या."

मी अजून एक विचारलं, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, माती, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का? त्या एकदम दचकल्या. तांदूळ. डब्यातून मूठभर काढून दिवसभर चावत बसायच्या. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, कच्चे तांदूळ खाऊन खाऊनच जाड झालीय. प्रत्यक्षात शरीरातलं लोह संपलं की असली खायची ओढ लागते, हे खूप जुनं आणि चांगलं ओळखीचं लक्षण आहे, आणि लोह भरून आलं की ती ओढ बहुतेकांची जाते. म्हणजे घरच्यांच्या डोळ्यासमोर आजाराचं चिन्ह होतं आणि त्यांनी ते वजनाच्या खात्यात टाकलं, जसं फॉर्मवर नाडीचं झालं तसंच.

रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. हिमोग्लोबिन 6.8. गरोदर नसलेल्या बाईला 12 च्या खाली असलं की रक्तक्षय म्हणतात आणि 8 च्या खाली गेलं की तो तीव्र. लाल पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, 64, पेशी बारक्या झालेल्या. आपल्याकडे बारक्या पेशी थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषातही दिसतात, म्हणून लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन केलं, ते 4 आलं, म्हणजे लोहाचं कोठार रिकामं. थायरॉईड नॉर्मल, ईसीजीत वेगवान नाडी सोडून काही नाही.

आता जे लिहायला मला सगळ्यात अवघड जातंय ते. त्या आधी कधी माझ्याकडे आल्या होत्या का म्हणून कंपाउंडरला जुने केस पेपर काढायला सांगितले. होत्या. चौदा महिन्यांपूर्वी. माझंच अक्षर. "दम लागणे, थकवा. वजन 86. वजन कमी करणे, रोज चालणे, गोड बंद. तीन महिन्यांनी दाखवणे." बस. पापणी बघितल्याची नोंद नाही, पाळीचा प्रश्न नाही, हिमोग्लोबिन लिहून दिलेलं नाही. ज्या डॉक्टरनं अनफिट लिहिलं त्याच्यावर मी मघाशी मनात चिडले होते, आणि त्यानं जे केलं तेच मी त्याच्या आधी चौदा महिने करून बसले होते, फक्त माझ्या कागदाला सल्ला म्हणायचे आणि त्याच्या कागदाला शेरा.

मी त्यांना तो कागद दाखवला आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, तुम्ही बरोबरच सांगितलं होतं की, मीच चालले नाही." अंगात रक्त कमी आहे का हे न बघता त्या बाईला मी चालायला सांगितलं होतं, ती दोनशे पावलांवर धापा टाकत थांबत होती आणि स्वतःला आळशी म्हणत होती.

तीन महिन्यांनी दाखवा लिहिलं होतं तर त्या का आल्या नाहीत, हेही विचारलं. कारण ऐकून मला बरेच दिवस चैन पडली नाही. वजनकाटा तेव्हा बाहेर, पेशंट बसतात त्या बाकासमोर होता. कंपाउंडरनं आकडा मोठ्यानं वाचला, मला आत ऐकू यावा म्हणून, आणि बाकावरचं कुणीतरी हसलं. परत तिथं उभं राहायचं नव्हतं, एवढंच. काटा आता आत पडद्यामागं आहे आणि आकडा कागदावर लिहितात, आणि ज्या तक्रारीसाठी वजनाची गरज नाही तिथं वजन करत नाही. कान दुखतोय म्हणून आलेल्या माणसाला काट्यावर उभं करायचं काही कारण नसतं.

चौदा महिन्यांपूर्वी नेमकं काय चुकलं यावर मी खूप विचार केला. वजन कमी करा हा सल्ला खोटा होता असं नाही. बीएमआय 36.6 आहे, भारतीयांसाठी जी मर्यादा वापरतात त्यात 23 च्या वर जास्त वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, कंबर 104 सेंमी आहे आणि बायकांची 80 च्या वर गेली की आपण सावध होतो. मधुमेह, बीपी, झोपेत श्वास अडकणे, गुडघे, या सगळ्याचा धोका त्यांना खरंच जास्त आहे आणि ते न सांगणं हाही निष्काळजीपणाच झाला असता. चूक अशी की दम का लागतो या प्रश्नाचं उत्तर मी तपासल्याशिवाय दिलं. वजनानं दम लागू शकतो, हे खरं. पण ते कारण बाकीची कारणं बघून झाल्यावर शिल्लक राहतं तेव्हा लिहायचं असतं, आधी नाही. तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारते: हीच तक्रार घेऊन 55 किलोची बाई समोर बसली असती तर मी काय काय केलं असतं? पापणी बघितली असती, छाती ऐकली असती, पाळी विचारली असती, सीबीसी लिहिलं असतं. तेवढं सगळं 88 किलोच्या बाईलाही मिळालं पाहिजे, आणि वजनामुळं जे जास्तीचं बघायला हवं ते त्याच्यावर आणखी. मी उलटं केलं होतं, वजन दिसलं म्हणून तपासणी कमी केली होती.

हे फक्त माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरचं होतं असंही नाही. 2003 मध्ये लठ्ठपणावरच काम करणाऱ्या डॉक्टरांचा आणि संशोधकांचा एक अभ्यास झाला होता, तर त्यांच्या मनातसुद्धा जाड माणूस म्हणजे आळशी अशी जोडणी आढळली होती. दिवसभर तेच पेशंट बघणाऱ्यांना हे सुटत नसेल तर एचआरच्या पोराला दोष देऊन भागत नाही.

उपचारात एक गंमतीशीर नव्हे पण समजून घ्यायला चांगली गोष्ट आली. हिमोग्लोबिन इतकं कमी आणि दर महिन्याला गळती चालू, त्यामुळं नुसत्या गोळ्यांनी भागण्यासारखं नव्हतं, सलाईनमधून लोह द्यायचं ठरलं. किती द्यायचं ते काढायचं एक जुनं गणित आहे, वजन गुणिले हिमोग्लोबिनची 15 पासूनची तूट गुणिले 2.4 अधिक साठ्यासाठी 500. त्यात 88 टाकलं तर साधारण 2200 मिलिग्रॅम येतं. पण वजन जास्त असणाऱ्याला इथं त्याच्या उंचीला धरून असलेलं आदर्श वजन घ्यायचं असतं, कारण चरबी वाढली म्हणून रक्त त्याच प्रमाणात वाढत नाही. त्यांच्या उंचीला 48 धरलं तर साधारण 1450 येतं. म्हणून पहिल्या आठवड्यात 1000 आणि पुढच्या आठवड्यात 500 असं दिलं. वजनाचा विचार करायचा तो असा. ते गणितात घ्यायचं, आणि कुठं तसंच्या तसं घ्यायचं नाही हेही माहीत पाहिजे.

सोनोग्राफीलाही वजन आडवं येतं, हेही खरं. पोटावरून केली तेव्हा चित्र नीट दिसलं नाही, रिपोर्टवर "पेशंटच्या शरीरयष्टीमुळे मर्यादा" असं लिहून आलं आणि बऱ्याच बायकांची गोष्ट इथंच संपते, रिपोर्ट नॉर्मल म्हणून फायलीत जातो. मिरजेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आतून केली, त्यात पोटाची चरबी मधे येत नाही, आणि गर्भाशयाच्या पोकळीत साडेतीन सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ दिसली. पोकळीतली गाठ छोटी असली तरी खूप रक्तस्राव करू शकते. पाळीच्या दिवसात रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या, हिमोग्लोबिन 10 च्या वर आल्यावर दुर्बिणीनं आतूनच गाठ काढली. पोटावर एक टाका नाही. दोन महिन्यांनी पाळी पाच दिवसांवर आली. तांदळाचा डबा तर लोह दिल्यावर दोन-तीन आठवड्यातच सुटला, ताईंना त्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं.

आता बीपीकडे येते, कारण अनफिटचं खरं कारण वजन असलं तरी कागदावर आधाराला बीपी होतं. 150/96. मी त्यांच्या दंडाचा घेर मोजला, 37 सेंमी. बहुतेक दवाखान्यात जो बीपीचा पट्टा असतो, आम्ही कफ म्हणतो, तो साधारण 34 सेंमीपर्यंतच्या दंडासाठी असतो. दंड जाड आणि कफ लहान असला तर मशीन बीपी खरं आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. 2023 मध्ये अमेरिकेत यावर एक व्यवस्थित प्रयोग झाला, त्यात ज्यांना मोठा कफ लागायचा त्यांना नेहमीचा लावला तर वरचं बीपी सरासरी 5 नं जास्त आलं, आणि ज्यांना त्याहून मोठा लागायचा त्यांचं जवळजवळ 20 नं. म्हणजे काही लोकांना आपण कफामुळं बीपीचा पेशंट करून ठेवतो. ताईंचं मी पाच मिनिटं बसवून, पाठ टेकून, हात टेबलावर ठेवून, मोठा कफ लावून घेतलं तर 134/84. लगेच मुद्दाम लहान कफ लावून घेतलं तर 142/90. फॉर्मवरचा 150 म्हणजे लहान कफ, नुकताच चढलेला जिना, रक्त नसल्यामुळं पळणारं हृदय आणि आधीच पोटात आलेला गोळा असं सगळं मिळून असणार. 134/84 पण अगदी आदर्श नाही, लक्ष ठेवायला हवं, पण त्याच्यावरून कुणाची नोकरी जात नाही.

माझ्याकडे मोठा कफ होता का? क्लिनिकमध्ये होता, ड्रॉवरच्या तळाशी. कारखान्यात जाताना नेते त्या पेटीत नव्हता. इतकी वर्षं मी तिथं किती जाड दंडांवर लहान कफ गुंडाळला असेल, वेल्क्रो सुटतंय म्हणून हातानं दाबून धरून. तो सुटणारा वेल्क्रो हीच खूण होती की कफ चुकीचा आहे.

साखरेचंही एक सांगायला हवं. लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी मी त्यांचं केलं होतं, 6.2 आलं, 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझ्या मनात लगेच आलं, बघा, वजनाचा परिणाम. पण लोह कमी असलं की लाल पेशी जास्त दिवस फिरत राहतात आणि हा आकडा खोटा वर जातो, म्हणून रक्त भरेपर्यंत त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, उपाशीपोटीची साखर बघायची. ती 101 होती, म्हणजे किंचित वर. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन 12.1 झाल्यावर एचबीएवनसी परत केलं तर 5.8. उंबरठा आहेच, पण 6.2 वाला नाही. दोन्ही बाजूंनी खरं काय ते बघायचं म्हणजे हे, वजनामुळं आलं म्हणून गृहीत धरायचं नाही आणि वजनाचा काही संबंध नाही असंही म्हणायचं नाही.

नोकरीचं काय झालं? ताईंना विचारून मी त्या एचआरला फोन केला. माणूस वाईट नाही, हे आधी सांगते, सभ्य बोलला, तब्येतीची काळजी म्हणूनच केलं असं त्याला मनापासून वाटत होतं. मी म्हणलं, कामाचं स्वरूप काय? दिवसभर कॉम्प्युटर, दिवसातून दोनदा स्टोअरला चक्कर, एवढंच. मग 88 किलोनं यातलं काय अडतं? "मॅडम, जिना." जिन्यानं दम लागतो असं त्या म्हणल्या होत्या का? नाही, विचारलं नव्हतं. परत कधी तपासणी करून घ्या असं सांगितलं होतं का? नाही. डॉक्टरांना कारण विचारलं होतं का? नाही, शेरा आला तसा फोन केला. बोलता बोलता त्यानंच सांगितलं की स्टोअरच्या एका पोराचं पण बीपी जास्त होतं, पोटही सुटलेलं आहे, पण त्याला गोळी चालू करायला सांगून घेतलं. मी विचारलं, मग ताईंना गोळी चालू करायला सांगून का नाही घेतलं? बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ऑफिसला येणारे-जाणारे बघतात ना मॅडम." तिथं काळजीचा विषय संपला आणि खरं कारण बाहेर आलं.

मला फरक कळला तो या फोनमध्ये. स्टोअरच्या पोराच्या वाट्याला आलेली काळजी खरी होती, तिच्यात आकडा होता, औषध होतं, महिन्यानं परत दाखव होतं, आणि तोपर्यंत पगार चालू होता. ताईंच्या वाट्याला आलेल्या काळजीत विचारपूस नव्हती, फेरतपासणी नव्हती, तारीख नव्हती, आणि तिचा सगळा खर्च ताईंच्या एकट्याच्या पदरात पडला. जबाबदारी कुणाची म्हणून ज्यानं विचारलं त्यानं नाडी 112 असलेल्या बाईला "डॉक्टरला दाखवा" एवढंसुद्धा सांगितलं नाही.

वजन खरोखर बघायला लागतं अशी कामं आहेत. उंचीवर काम करणाऱ्याच्या सेफ्टी हार्नेसवर किती किलोपर्यंत चालेल ते छापलेलं असतं, बऱ्याच हार्नेसला 100 किलो, शिडीलाही मर्यादा असते. 112 किलोच्या फिटरला 100 किलोच्या हार्नेसवर चढवलं तर ती हयगय आहे, पण तिथंही आधी जास्त क्षमतेचा हार्नेस मागवता येतो का हे विचारायचं आणि मगच माणसाला नाही म्हणायचं. ट्रक चालवणाऱ्याची मान जाड असेल, घोरत असेल, दिवसा डुलक्या लागत असतील तर झोपेची तपासणी करायलाच हवी. या दोन्हीत वजन आणि काम यांच्यामध्ये एक नेमकी कडी आहे, ती बोट ठेवून दाखवता येते. अकाउंट्सच्या खुर्चीत ती कडी मला कुणी दाखवली नाही.

दाद मागायची म्हणलं तर रस्ता अरुंद आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात 1976 च्या कायद्यानं वजनावरून नोकरी नाकारायला बंदी आहे, न्यूयॉर्क शहरात 2023 मध्ये तसा कायदा झाला. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी वजनाचं नाव घेऊन असा कायदा नाही. ती जागा तर मी फोन करेपर्यंत भरली होती.

माझ्या हातात होतं ते मी बदललं. ज्या युनिटसाठी मी तपासणी करते तिथं आता कामाचं वर्णन आल्याशिवाय मी शेरा लिहीत नाही. अनफिट लिहायचं तर कोणत्या कामासाठी, कशामुळं आणि परत कधी तपासायचं ते सोबत लिहायचं, आणि नुसतं "लठ्ठपणा" हे कारण चालत नाही, कारण त्यानं कामात काय अडतं ते लिहावंच लागतं. तपासणीत हिमोग्लोबिन घातलं, सगळ्यांना, बायकांना आणि पुरुषांनाही. दोन मालकांनी पटकन मान्य केलं, एकानं खर्च किती वाढेल विचारलं, तर माणशी दीडशे-दोनशेच्या आसपास होता.

ताईंना पाच महिन्यांनी दुसरीकडं काम लागलं, एका दूध संकलनाच्या ऑफिसात, तिथंही वरचाच मजला आहे. मेडिकल फॉर्म त्यांनी माझ्याकडे आणला, मी वजन 87, बीपी 132/82, नाडी 78, हिमोग्लोबिन 12.1 असं लिहिलं आणि खाली "बैठं काम, जिना, हलकं सामान, यासाठी फिट."

पहिल्या दिवशी, रक्ताचे रिपोर्ट यायच्या आधी, मी त्यांना विचारलं होतं की वजनाबद्दल आपण बोलायचं का, चालेल का तुम्हाला? हे विचारून बोलायचं मी अलीकडेच शिकलेय. त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "आज नको." मी बरं म्हणलं आणि तो विषय बंद ठेवला. चार-पाच वेळा येऊन गेल्या, एकदाही काढला नाही. फॉर्मवर सही झाल्यावर पिशवीत कागद घालता घालता त्या परत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ते वजनाचं बोलायचं राहिलंय की आपलं."

मग बोललो. पाच टक्के, म्हणजे त्यांच्या बाबतीत चार-साडेचार किलो, एवढ्यानंही साखर आणि बीपीत फरक पडायला लागतो, 48 किलो व्हायचं नाहीये हे आधी सांगितलं. आता दम लागत नाही तर संध्याकाळी मिस्टरांबरोबर चालायला जायचं म्हणाल्या. रात्री घोरता का विचारलं, तर ते मिस्टरांना विचारून सांगते म्हणाल्या. पुढची साखर सहा महिन्यांनी.